शेळ्या आणि चंद्रीच्या नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२५

२ जून

आजपासून लिहायला सुरुवात. गेल्या श्रावणात दोन शेळ्या गेल्या आणि दोन्ही वेळेला घरात सगळ्यांचं एकच, की काल तर चांगली चरत होती, अचानक मेली. मला ते पटलं नव्हतं. अचानक काही होत नसणार, आपल्याला दिसलं नसणार. म्हणून या पावसाळ्यात रोज बघून लिहायचं ठरवलंय.

आत्ता गोठ्यात ११ शेळ्या, सगळ्या उस्मानाबादी, एक बोकड, सात करडं, आणि चंद्री, म्हणजे आमची संकरित गाय, तिसऱ्या वेताला गाभण, सप्टेंबरात व्यायला होईल. सामान म्हणाल तर एक वही, मोबाईलचं घड्याळ आणि मेडिकलातून आणलेला साधा डिजिटल थर्मामीटर, तो फक्त जनावरांसाठीच.

पद्धत अशी की सकाळी वाडग्याचं फाटक उघडायच्या आधी दहा मिनिटं बाहेर गप उभं राहायचं. हाक मारायची नाही, पाटी वाजवायची नाही. माणूस दिसलं की शेळी उठते, कान टवकारते आणि आजारी असली तरी बाकीच्यांसोबत पाटीवर येते, कारण कळपात जी मागं राहते तिलाच लांडगा धरतो हे तिच्या रक्तात आहे. म्हणजे आपण समोर असताना जे दिसतं ते अर्धं खोटं. खरं काय ते ती एकटी असताना.

५ जून

तीन दिवस फक्त बसणं बघितलं. निरोगी शेळी पाय पोटाखाली घेऊन छातीवर बसते, मान सैल, डोळे अर्धे मिटलेले आणि तोंड चालू. ११ पैकी सहा-सात तरी पहाटे रवंथ करत असतात. चंद्रीचे मोजले, एका घासाला पन्नास-साठ वेळा चावते, मग गिळते, दोन-चार सेकंद थांबते आणि गळ्यातून पुढचा घास वर येताना स्पष्ट दिसतो. हे मी लग्न होऊन आल्यापासून रोज बघतेय पण मोजलं कधीच नव्हतं.

मूठ लावून पोट बघायचं गावातल्या पशुसखीनं शिकवलं. डाव्या बाजूला शेवटची बरगडी आणि मांडीच्या हाडामधे जो खड्डा असतो, भकाळी म्हणतो आपण, तिथं मूठ दाबून धरायची आणि वाट बघायची. आतून पोट हळूहळू मुठीला वर ढकलतं आणि परत खाली जातं. दोन मिनिटांत चंद्रीचं तीनदा, शेळ्यांचं दोन ते चारदा. हे बंद पडलं किंवा मंद झालं की रवंथ थांबणार, खाणं सुटणार, आणि माणसाच्या लक्षात सहसा फक्त खाणं सुटलेलंच येतं.

ताप सगळ्यांचा एकदा सकाळी सावलीत घेऊन ठेवला. शेळ्या १०२ ते १०३.५ च्या मधे, चंद्री १०१.४. आपल्या जनावराचा नेहमीचा आकडा माहीत असला तरच वाढला का उतरला ते कळतं.

१४ जून

आज एक गोष्ट लक्षात आली ती नीट लिहून ठेवते. फाटक उघडल्यावर शेळ्या रोज जवळपास त्याच क्रमानं बाहेर पडतात. लांबकानी पहिली, तिच्या मागं टिकली, मग बुटकी, मग म्हातारी, आणि कोवळ्या शेळ्या सगळ्यात शेवटी. बुटकी अंगानं लहान पण शिंगानं तापट, म्हणून तिसरी. एखाद्या दिवशी एक-दोन नंबर मागंपुढं होतं, पण तिसरी एकदम आठवी होत नाही. आता रोज वहीत नंबर लिहायचे, त्याला अर्धा मिनिट पण लागत नाही.

आत्याबाई म्हणाल्या, "अगं हे तर आमच्या सासूबाई नुसत्या नजरेनं सांगायच्या, आज अमकी मागं राहिली म्हणून." मग विचारलं की मागं राहिली की त्या काय करायच्या, तर म्हणाल्या तिचा डोळा उघडून बघायच्या. डोळ्यात काय बघायच्या ते मात्र आत्याबाईंना आठवेना.

२८ जून

टिकली सकाळपासून ओरडतेय, पाटीतलं अर्धं टाकलं, सारखी फाटकाशी, शेपटी हलवते, दुसऱ्या शेळ्यांवर चढते. हे म्हणाले पोट दुखत असेल. ताप १०२.८, भकाळी चालू, लेंड्या सुट्या आणि चकचकीत. कान वर, डोळे ताजे. पोट दुखणारी शेळी अशी नसते, ती पाठ कमानीसारखी करते, दात करकर खाते, सारखी उठबस करते किंवा एका कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून उभी राहते. मागं बघितलं तर चिकट स्राव, म्हणजे माजावर आलीये. बोकडाला सोडली, लगेच उभी राहिली. तारीख गोल करून ठेवली.

ही नोंद मुद्दाम केली कारण फक्त "खाल्लं नाही" एवढ्यावर मी जवळजवळ पाचक पावडर पाजायला निघालेले.

१९ जुलै

टिकली २१ दिवसांनी परत माजावर आली नाही, म्हणजे गाभण धरायला हरकत नाही.

पण आजची नोंद बुटकीची. गेले पाच दिवस तिचे नंबर असे: ३, ४, ४, ६, ८. खातेय. लेंड्या चांगल्या, हगवण अजिबात नाही. ताप १०२.६. भकाळी चालू. फक्त बाहेर पडताना मागं आणि चरून येताना दोनदा मधेच उभी राहिली असं चारायला नेणारा दादू म्हणाला. दोन करडं पितात तिला, त्यामुळं थकली असेल असं वाटतंय. सरकीची पेंड मूठभर जास्त चालू केली.

२३ जुलै, संध्याकाळ

आज मी स्वतः चरायला घेऊन गेलेले. संध्याकाळी सहाला परत येताना बुटकीच्या जबड्याखाली सूज दिसली, लिंबाएवढी, हाताला थंड आणि मऊ, बोटानं दाबली तर खड्डा पडून राहतो. हे रोज सकाळी दहा मिनिटं निरखून बघते मी आणि मला दिसलं कसं नाही, या विचारानं जीव नुसता कासावीस झाला. दादूला विचारलं तर म्हणाला, परवा पण संध्याकाळी होती, मला वाटलं काहीतरी चावलंय.

डोळ्याची खालची पापणी उघडून बघितली, आतला पडदा कागदासारखा पांढरा.

२४ जुलै

पहाटे उठून आधी बुटकीची सूज बघितली. जवळपास गेलेली! तेव्हा उलगडा झाला, आणि डॉक्टरांनी पण दुपारी तेच सांगितलं. रक्त कमी झालं की अंगातलं पाणी झिरपून सखल भागात साचतं, दिवसभर मान खाली घालून चरताना ते जबड्याखाली उतरतं आणि रात्री मान वर करून बसली की ओसरतं. माझी सगळी पाहणी सकाळची, सूज संध्याकाळची. म्हणून आजपासून दोन वेळा बघायचं, पहाटे रवंथ आणि क्रम, संध्याकाळी जबडा.

डॉक्टरांनी हे रक्त पिणाऱ्या जंताचं काम आहे असं सांगितलं, हिमोंकस नाव त्याचं. शेळीच्या चौथ्या पोटात चिकटून बसतो, एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त घालवतो. ऐकायला काहीच नाही, पण हजार जंत असले तर रोज ५० मिली, आणि बुटकी वजनकाट्यावर भरली २६ किलो, तिच्या अंगात सगळं मिळून रक्त पावणेदोन लिटरच्या आत. आणि यात हगवण लागत नाही, लेंड्या शेवटपर्यंत चांगल्या असतात, म्हणूनच "काल तर चांगली होती" असं होतं. गेल्या वर्षीच्या दोघी पण अशाच गेल्या असणार असं आता मला वाटतं, त्यांचे डोळे कोणी बघितलेच नव्हते.

पापणी बघायची रीत त्यांनी करून दाखवली. उन्हात आणायचं, गोठ्यातल्या अंधारात नाही. एका अंगठ्यानं वरची पापणी डोळ्यावर हलके दाबायची, दुसऱ्या अंगठ्यानं खालची ओढायची, आतला पडदा आपोआप वर येतो. आलेला पहिला रंग धरायचा, उघडी धरून ठेवली की लाल होत जाते आणि आपण फसतो. दोन्ही डोळे बघायचे, जो फिका तो मोजायचा. रंगाच्या पाच पायऱ्या असतात, एक म्हणजे लालभडक आणि पाच म्हणजे पांढरी. दक्षिण आफ्रिकेत मलान नावाच्या डॉक्टरांनी याचा रंगीत तक्ता बनवला, त्याला फामाचा म्हणतात. आत्याबाईंच्या सासूबाई काय बघायच्या ते आज कळलं.

सगळ्यांचं बघितलं. बुटकी पाच. म्हातारी चार. टिकली आणि पांढरपायी तीन. बाकी सात जणी एक-दोन. करडांत दोन तीनवर, दोन्ही बुटकीचीच.

मला वाटलं सगळ्यांना औषध पाजून मोकळं व्हावं. डॉक्टर नको म्हणाले. ज्यांचे डोळे लाल आहेत त्यांना सोडायचं, कारण सगळ्यांना पाजलं की औषधाला दाद न देणारे जंतच तेवढे जगतात आणि पुढच्या वर्षी त्यांचंच राज्य. पाच, चार यांना द्यायचं, आणि तीनवर असलेल्या पण गाभण, दूध पाजणाऱ्या किंवा करडू असतील त्यांना द्यायचं. पांढरपायी पण दूध पाजतेय, म्हणजे चार शेळ्या आणि दोन करडं. टिकली गाभण जाऊन २६ दिवस झालेत हे वहीत बघून सांगितलं, तर तिला वेगळं औषध लिहिलं, कारण अल्बेंडाझोल सुरुवातीच्या गाभणपणात देत नाहीत, पोटातल्या पिल्लाला व्यंग येऊ शकतं. ती गोल केलेली तारीख अशी कामाला आली.

डोस वजन करूनच. गेल्या वर्षी आम्ही सरसकट एक-एक झाकण पाजलेलं, लहानमोठी सगळी सारखी. कमी डोसात जंत मरत नाहीत, औषधाला निर्दावतात. शेळीच्या अंगात औषध लवकर जिरून जातं म्हणून मेंढीचा डोस शेळीला पुरत नाही, हे पण आजच कळलं. डोस डॉक्टरांकडूनच घ्यायचा, बाटलीवर बघून नाही.

लेंड्यांचा नमुना तपासायला दिला, बुटकीच्या लेंड्या थेट गुदद्वारातून पिशवीत घेऊन, जमिनीवरच्या नाही. एका ग्रॅमला ३२०० अंडी निघाली.

२६ जुलै

बुटकीला चरायला नेत नाही. एवढं रक्त कमी असताना पळवली किंवा धरायला मागं लागलं तरी धाप लागून जागेवर पडू शकते. वाडग्यातच शेवरी, हादगा, शेंगदाण्याची पेंड आणि पाणी समोर. एका करडाला लांबकानीला लावलं, पहिल्या दिवशी नाही घेतलं, दुसऱ्या दिवशी घेतलं. औषध चालू असताना सांगितलेल्या दिवसांपर्यंत तिचं दूध चहाला घ्यायचं नाही.

कुठून आलं हे पण शोधलं. आम्ही जुलैभर सकाळी सातलाच ओढ्याकडंच्या गवतात सोडत होतो. लेंडीतलं अंडं उबदार ओलीत आठवड्याभरात अळी होतं आणि दवाच्या पाण्यातून गवताच्या पातीवर चढतं. म्हणजे सात वाजताचं ओलं आखूड गवत हे अळ्यांनी भरलेलंच. आता दव वाळल्यावर, दहाच्या पुढं, आणि ओढ्याकडं नाही तर बांधावरच्या बोरी-बाभळीकडं, तोंड वर करून खायला मिळेल तिकडं. तोवर सकाळी वाडग्यातच कडब्याची कुट्टी.

९ ऑगस्ट

बुटकीची पापणी पाचवरून चार. सूज गेलीये. लेंड्यांचा दुसरा नमुना, औषधाला पंधरा दिवस झाल्यावर, १०० अंडी. ३२०० चे १०० म्हणजे औषध लागू पडलं. डॉक्टर म्हणाले निम्मीच कमी झाली असती तर औषध बदलायला लागलं असतं, म्हणून दुसरा नमुना चुकवायचा नाही.

पशुसखीनं एक बजावलं ते लिहून ठेवते. पापणी पांढरी म्हणजे दरवेळी हाच जंत असं नाही. गोचीड फार झाले तरी रक्त जातं, काळजात राहणाऱ्या लिव्हर फ्लूक जंतानं पण जातं. आणि डोळे आलेले असले तर पापणी लाल दिसते आणि आतून रक्त नसतं. म्हणून एकट्या पापणीवर न जाता क्रम, सूज, अंग सगळं बघायचं.

१२ सप्टेंबर

चंद्री संध्याकाळी सातला व्यायली, कालवड. वार चार तासात पडली. चीक कालवडीला पाजला. तिसरं वेत असल्यानं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं की तीन दिवस नीट लक्ष ठेवा, त्यातला पहिला दिवस जास्त.

१३ सप्टेंबर

पहाटे साडेपाचला चंद्री उभी आहे पण मागचे पाय सारखे बदलतेय, या पायावरून त्या पायावर, एका जागी स्थिर नाही. मांड्यांना बारीक कापरं. कान हातात घेतले तर गार, दोन्ही टोकापासून बुंध्यापर्यंत. नाकाडावर नेहमी घामाचे थेंब असतात, ते कोरडं. रात्रीपासून शेण नाही. ताप ९९.८.

"दुग्धज्वर" नावात ज्वर आहे म्हणून लोक ताप शोधतात, पण यात ताप चढत नाही, उतरतो. चीक आणि दुधात एकदम कॅल्शियम गेलं की रक्तात कमी पडतं आणि स्नायू काम करेनासे होतात. माझ्याकडं तिचा नेहमीचा १०१.४ लिहिलेला होता म्हणून ९९.८ बघून लगेच जनावरांच्या फिरत्या दवाखान्याला, १९६२ नंबरावर, फोन लावला.

गाडी येईपर्यंत पावणेसातला ती बसली. मान वळवून डोकं कुशीवर टेकवलं, मान सरळ केली तरी परत तिकडंच जाते, बाजूनं बघितलं तर मानेला बाक येतो. शेजारचे मामा गूळपाणी आणि तेल घेऊन आले, पाजा म्हणाले, जीव तुटत होता त्यांचा पण. मी हात जोडून थांबवलं. गिळायची ताकद नसलेल्या जनावराला नळीनं पाजलं की ते फुफ्फुसात जातं आणि त्यानंच मरतं. त्याऐवजी मामांनाच हाताशी घेऊन दोन्ही बाजूंनी भुश्याची पोती लावली, ती आडवी पडू नये म्हणून. आडवी पडली की पोट फुगून दम कोंडतो.

सव्वाआठला डॉक्टर आले. शिरेतून कॅल्शियम, अगदी सावकाश, एक हात बाटलीवर आणि कानाला स्टेथोस्कोप, कारण भरभर गेलं तर हृदय थांबतं. हे घरी कोणी करायचंच नाही. पंधरा-वीस मिनिटांत अंगाला कापरं भरलं, मग ढेकर दिली, मग शेण टाकलं, आणि नाकाडावर पहिला थेंब दिसला. तो थेंब मी बोट लावून बघितला. पाऊण तासानं उठली.

डॉक्टरांनी विचारलं गाभणपणात काय खायला घातलं. मी आनंदानं सांगितलं की शेवटचा महिना लसूणघास रोज आणि कॅल्शियमची बाटली पण. ते म्हणाले तिथंच गडबड. भाकड काळात वरून कॅल्शियम भरपूर मिळालं की हाडातून कॅल्शियम काढून घ्यायची अंगाची सवय सुटते, आणि विते वेळी एकदम गरज पडली की ते यंत्र चालू व्हायला दोन-तीन दिवस लागतात. पुढच्या वेताला शेवटचे तीन आठवडे घास बंद, कडबा आणि मक्याचा भरडा, कॅल्शियम विण्याच्या वेळी त्यांना विचारून. मी भलं व्हावं म्हणून केलं होतं ते, म्हणून हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवतेय.

१४ सप्टेंबर

काहींना दुसऱ्या दिवशी परत होतं म्हणून रात्रभर दर दोन तासाला कान आणि शेण बघितलं. ११, १, ३, ५, कान गरम. तीन वाजता बसून रवंथ करत होती, पाच वाजता भकाळीला दोन मिनिटांत तीनदा. पहिले दोन दिवस धार सडं पिळून पूर्ण काढायची नाही, कालवडीपुरती आणि कासेचा ताण जाईल एवढीच.

४ ऑक्टोबर

बुटकी आज बाहेर पडताना चौथी, पापणी दोन. म्हातारी तीनवर अडकलीये, दात झिजलेत तिचे, चारा नीट चावत नाही, तिला कुट्टी बारीक करून देतेय आणि दर आठवड्याला डोळा बघतेय. चंद्री दोन वेळचं मिळून ११ लिटर.

टिकली २८ जूनला धरली तर १५० दिवस २५ नोव्हेंबरला भरतात. पोट रुंद दिसतंय, बहुतेक जुळी. १४ ऑक्टोबरपासून तिचे शेवटचे सहा आठवडे. पोटात जुळी वाढली की चाऱ्याला जागा कमी पडते आणि अंगातली चरबी जळायला लागते, त्याची पहिली खूण म्हणजे भरडा हुंगून तोंड फिरवते आणि कडबाच तेवढा चघळते. तशी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर. मक्याचा भरडा आत्ता १०० ग्रॅम, दर आठवड्याला ५० नं वाढवणार, एकदम नाही.

आजचा तिचा नंबर दोन.